सोमवार, मंगळवार आणि पाऊस : अजिंठा-वेरूळ सहलीच्या वेळापत्रकाविषयी

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या विभागाची सहल निघते आणि परत आल्यावर वार्षिकात तिचे वर्णन छापून येते. त्या वर्णनांत डोंगर असतात, लेणी असतात, गाडीतल्या भेंड्याही असतात. मात्र ठरलेले स्थळ त्या दिवशी बंद निघाले, रस्त्यात पाणी आले, किंवा येणारा मार्गदर्शक आलाच नाही, तर मंडळींनी काय केले, हे बहुधा वाचायला मिळत नाही. हा लेख तेवढ्याच गोष्टीविषयी आहे. उदाहरण म्हणून मी इतिहास विभागाची आमची छत्रपती संभाजीनगरची तीन दिवसांची सहल घेतली आहे. (२०२३ साली या शहराचे औरंगाबाद हे नाव बदलले. जुन्या पुस्तकांत आणि आजोबांच्या तोंडी अजून तेच आहे.) सहल समितीत मी असल्यामुळे हे वेळापत्रक कसे आकाराला आले ते मला जवळून पाहता आले.

आधी या प्रश्नात अडकलेले काय असते ते सांगते. सहलीची वर्गणी माणशी १,८०० रुपये होती. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली जातात. त्यांच्या हिशेबाने ही चार दिवसांची मजुरी झाली. आमच्या बेचाळीस जणांपैकी निम्म्याहून अधिक घरांत हिशेब असाच होता. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे ते अजिंठा बंद दिसला तर पुढच्या महिन्यात पुन्हा येतील. आमच्यापैकी बहुतेकांना मात्र अजिंठा एकदाच दिसणार होता. म्हणून ‘पाऊस आला तर बघू’ हे वाक्य समितीच्या पहिल्याच बैठकीत सरांनी बाद केले.

मुळात या भागाची एक खास अडचण आहे. अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात, आणि वेरूळची दर मंगळवारी. पुष्कळांना ‘एक दिवस काहीतरी बंद असते’ एवढेच ठाऊक असते, पण कोणते कधी याचा घोळ असतो. शिवाय ही दोन्ही ठिकाणे एका रस्त्यावर नाहीत. वेरूळ शहराच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर, तर अजिंठा ईशान्येस फुलंब्री, सिल्लोडमार्गे सुमारे शंभर किलोमीटरवर. तेव्हा एक बंद निघाले म्हणून त्याच पावली दुसऱ्याकडे वळावे, असे होत नाही. एकाला एक दिवस, दुसऱ्याला एक दिवस, आणि शहरातील व आसपासच्या ठिकाणांना तिसरा दिवस, ही वाटणी जवळजवळ ठरलेली आहे.

आता गंमत अशी की, तीन दिवस तेच असले तरी ते कोणत्या वारी सुरू होतात यावर सगळे अवलंबून असते. आमचा पहिला विचार रविवार, सोमवार, मंगळवार असा होता, कारण रविवार सुट्टीचा असल्याने तास कमी बुडत होते. वरवर पाहता हे जमते : रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी शहर. पण एखादा दिवस पावसाने खाल्ला तर काय, असे विचारत गेल्यावर यातील भोक दिसते. रविवारचा अजिंठा हुकला तर तो मंगळवारी पाहता येतो, कारण मंगळवारी अजिंठा उघडा असतो. सोमवारचे वेरूळ हुकले तर मात्र मंगळवारी ते बंद, आणि आपण परतीच्या गाडीत. उलट रविवारी वेरूळ ठेवले तर ते सोमवारी पुन्हा मिळते, पण मग अजिंठा मंगळवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी जातो आणि त्याच्यामागे दुसरा दिवस उरत नाही. कसेही फिरवा, दोहोंपैकी एक उघड्यावर राहतेच.

मग हाच पट आम्ही सोमवार, मंगळवार, बुधवार असा मांडून पाहिला. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी शहर. वेरूळ हुकले तर बुधवारी उघडे, अजिंठा हुकला तरी बुधवारी उघडा. शनिवार, रविवार, सोमवार हाही क्रम चालतो : शनिवारी अजिंठा ठेवायचा, तो हुकला तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. पण सुट्टीच्या दिवशी तेथे अलोट गर्दी असते आणि बेचाळीस जणांची रांग तिच्यात विरघळून जाते, म्हणून आम्ही सोमवार ते बुधवार पक्के केले. एक तास जास्त बुडाला, त्याबद्दल अर्थशास्त्राच्या सरांची आम्ही लेखी क्षमा मागितली.

यातून जो नियम हाती लागतो तो सांगायला सोपा आहे. ज्या स्थळासाठी मुख्यतः आपण निघालो आहोत ते अशा दिवशी ठेवावे की त्याच्या मागे निदान एक असा दिवस उरेल ज्या दिवशी ते उघडे असते. आणि जी ठिकाणे आलटून पालटून केव्हाही पाहता येतात, किंवा सुटली तरी फारसे वाईट वाटणार नाही, ती शेवटी टाकावीत. लोक नेमके उलटे करतात. पहिल्या दिवशी ‘जरा विसावा’ म्हणून शहर पाहतात, आणि मोठे स्थळ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, जणू ते पंगतीतले पक्वान्नच आहे.

वारांचा प्रश्न सुटला तरी पावसाचा राहतोच. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, ही आपली जुनी समजूत. पण २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले, शेते खरवडून गेली आणि गावांचे रस्ते तुटले, हे सर्वांनी पाहिले आहे. आमची सहल पहिल्या सत्रातच, पावसाळा सरता सरता होती, कारण दुसऱ्या सत्रात परीक्षा आणि ऊसतोड दोन्ही असतात. आमच्यापैकी काही जण तोडीच्या दिवसांत घरी लागतात.

पावसासाठी पर्याय निवडताना एक साधी कसोटी लावावी लागते : ज्या कारणाने मूळ बेत मोडतो त्याच कारणाने पर्यायही मोडणार नाही ना? ही कसोटी लावल्याशिवाय केलेल्या याद्या कागदावर भरगच्च दिसतात. आमच्या पहिल्या यादीत अजिंठ्याला पर्याय म्हणून देवगिरीचा किल्ला लिहिलेला होता. किल्ला आठवड्याचे सातही दिवस उघडा असतो, म्हणून सोमवारच्या बंदीला तो उत्तम पर्याय आहे. पावसाला मात्र नाही. वर जाणाऱ्या पायऱ्या ओल्या झाल्या की घसरड्या होतात, आणि ज्या अंधाऱ्या भुयारी वाटेसाठी तो किल्ला प्रसिद्ध आहे तिच्यात पायाखालचे काही दिसत नाही. पावसात चांद मिनारापर्यंतचा खालचा भाग पाहावा आणि परत फिरावे. बीबी का मकबराही रोज उघडा, पण बाग उघड्यावर आणि संगमरवरी फरशी ओली. त्याच्या उलट, बहुतेक सरकारी संग्रहालये छपराखाली असल्याने पावसात चांगली, पण ती बहुधा सोमवारी बंद असतात. तेव्हा सोमवारच्या अजिंठ्याला संग्रहालयाचा पर्याय लिहिला तर त्या दिवशी दोन्ही दारांना कुलूप दिसेल. म्हणजे ‘पर्यायी स्थळे’ अशी एकच यादी करून भागत नाही. बंदीसाठी एक, पावसासाठी दुसरी, अशा दोन याद्या लागतात, आणि फार थोडी नावे दोन्हींत बसतात.

मकबऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर बौद्ध लेणी आहेत, त्यांचे नाव मला येथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. अजिंठा-वेरूळच्या सावलीत ती झाकली गेली आहेत. पायऱ्या चढाव्या लागतात, पण एकदा आत गेले की डोक्यावर कातळाचे छप्पर. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्रीपुरुष आहेत, जवळजवळ माणसाच्या आकाराचे. सातव्यात वादकांच्या घोळक्यात नृत्य करणारी स्त्री आहे. शहरापासून अगदी जवळ, आणि अजिंठ्याच्या विषयाशी नाते असलेली. पर्याय असा असला की मुलांना ‘आपल्याला काहीतरी दाखवून गप्प केले’ असे वाटत नाही.

वेरूळविषयी आम्ही वेगळा विचार केला. तेथे पावसामुळे दिवस रद्द करण्याची वेळ क्वचितच येते, कारण अंतर थोडे आणि चौतीस लेण्यांपैकी बहुतेक छपराखाली. पाऊस अडवतो तो कैलास लेण्याला. हे सोळावे लेणे वरून खाली कोरत आणलेले मंदिर आहे, त्याचे अंगण आकाशाला मोकळे. म्हणून तेथे पर्याय स्थळाचा नाही, क्रमाचा ठेवला. पाऊस असेल तर आधी दहावे आणि बारावे लेणे. दहावे म्हणजे विश्वकर्म्याचे, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, ते चैत्यगृह, आणि बारावे म्हणजे तीन ताल. तीन मजल्यांच्या या विहारात पंचेचाळीस माणसे सहज तासभर थांबू शकतात. ही दोन्ही कैलासपासून फार लांब नाहीत. सर उघडली की धावत कैलासात शिरायचे. जैन लेणी उत्तरेला बरीच दूर आहेत, तिकडे पाऊस थांबल्याशिवाय निघायचे नाही. एवढी तीन वाक्ये आम्ही गटप्रमुखांच्या वहीत लिहून दिली होती.

सोमवारी वेरूळला पाऊस आलाच नाही, आला नाही तो मार्गदर्शक. सकाळी आठ वाजता त्यांचा दूरध्वनी आला की दुसरी मंडळी घेतली आहेत, आज जमणार नाही. हंगामात असे होते, त्याचा फार राग मानण्यात अर्थ नाही. एक दिवसाच्या दर्शन-सहलीच्या ज्या गाड्या निघतात त्यांचेही तसेच, पुरेशी माणसे जमली नाहीत तर त्या सुटत नाहीत. गाडी रद्द झाली तर तोड सोपी आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडकडे जाणाऱ्या एस.टी.ने वेरूळ गाठता येते, आणि सिल्लोडमार्गे जळगावला जाणाऱ्या एस.टी.ने फर्दापूर. वेळ जास्त लागतो, सीट मिळेलच असे नाही, पण दिवस वाया जात नाही. मार्गदर्शक नसला तर मात्र एस.टी. उपयोगी पडत नाही. त्यासाठी आमच्या मॅडमनी महिनाभर आधी सहा-सहा जणांचे सात गट करून प्रत्येक गटाला दोन-दोन लेणी वाटून दिली होती. कोणी कोरले, कोणत्या काळात, भिंतीवर काय आहे आणि ते कसे ओळखायचे, एवढे पाच मिनिटांत सांगता आले पाहिजे, हा नियम. मार्गदर्शक आले असते तर ही तयारी नुसती शंका विचारायला कामी आली असती. ते आले नाहीत, म्हणून एरवी वर्गात मान वर न करणाऱ्या मुलाने रावणाने हलवलेला कैलास आम्हाला समजावून सांगितला. तो बोलताना बाहेरगावची चार माणसे येऊन उभी राहिली, आणि त्याला वाटले आपल्याला उठवायला आली आहेत!

पर्याय असणे एक, आणि तो केव्हा स्वीकारायचा हे ठरलेले असणे दुसरे. माझ्या मते अर्ध्याअधिक सहली येथे फसतात. पर्याय सगळ्यांना माहीत असतो, पण ‘अजून अर्धा तास बघू’ करत दहा वाजतात, आणि मग मूळ स्थळही जात नाही, पर्यायही पुरा होत नाही. अजिंठ्याचा हिशेब उलट्या बाजूने मांडला की निर्णयाची वेळ आपोआप कळते. लेणी संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. नीट पाहायला चार तास हवेत. खाजगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत, त्या फर्दापूरजवळच्या फाट्याशी थांबतात आणि तेथून पुढचे चारेक किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते. रांग, तिकीट आणि चढण धरून यात पाऊण ते एक तास मोडतो. म्हणजे फाट्यावर बारा वाजेपर्यंत पोहोचलेच पाहिजे. शहरापासून मोठ्या गाडीला तीन तास, पावसात आणखी एक. म्हणून अगदी उशिरातली उशिरा सुटण्याची वेळ सकाळी आठ. आम्ही साडेसहाला निघणार होतो, आणि ‘जायचे की नाही’ हा निर्णय पहाटे सहाला सर, मॅडम आणि ड्रायव्हरकाका या तिघांनी घ्यायचा असे आधीच ठरले होते. मतदान नाही. बेचाळीस जणांनी पहाटे मत दिले असते तर आम्ही अजून तेथेच असतो.

निर्णय कशावरून घ्यायचा? पहिली खूण हवामान खात्याचा इशारा. पिवळा, नारिंगी, लाल असे त्याचे रंग असतात. चोवीस तासांत साधारण ६५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला की त्याला जोरदार म्हणतात, ११५ च्या वर अतिजोरदार आणि २०४ च्या वर अत्यंत जोरदार. आम्ही असे ठरवले होते की लाल असेल तर निघायचे नाही, पिवळा असेल तर बेताप्रमाणे, आणि नारिंगी असेल तर रस्त्याची खात्री करून. एक ध्यानात ठेवायला हवे की इशारा साऱ्या जिल्ह्यासाठी असतो. शहरात ऊन पडलेले असते आणि चाळीस किलोमीटरवरच्या फरशी पुलावरून पाणी जात असते, किंवा याच्या उलटही. आपण जेथे उभे आहोत तेथले आकाश पाहून ठरवणे यासाठीच फसवे असते.

रस्त्याची खात्री करण्याची युक्ती आम्हाला ड्रायव्हरकाकांनी शिकवली, आणि मला ती सगळ्या इशाऱ्यांहून मोलाची वाटते. बसस्थानकावर जाऊन आपल्या दिशेने जाणारी गाडी सुटली का हे विचारायचे नाही. ती सुटतेच, आणि पुढे जाऊन अडकते. विचारायचे ते हे, की तिकडून येणारी पहाटेची गाडी आली का? जळगावहून निघालेली एस.टी. अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड ओलांडून वेळेवर शहरात लागली असेल, तर रस्ता मोकळा आहे याचा त्याहून पक्का पुरावा नाही. ती आली नसेल, तर कुठे काय झाले हे कळायच्या आतच आपला निर्णय झालेला असतो.

मंगळवारी पहाटे नेमके तेच झाले. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. इशारा नारिंगी होता. काका आणि सर पावणेपाचला स्थानकावर गेले, आणि सहा वाजेपर्यंत जळगावकडची एकही गाडी आलेली नव्हती. फर्दापूरच्या एका हॉटेलचा क्रमांक आमच्याकडे होता. त्यांनी सांगितले की घाटात झाड आडवे झाले आहे आणि दोन्ही बाजूंना ट्रक उभे आहेत. सहा वाजून पाच मिनिटांनी मंगळवार आणि बुधवार यांची अदलाबदल झाली. मुलींच्या खोलीत मॅडमनी ते सांगितले तेव्हा आवाज उतरले हे खरे, पण कोणी ‘आता काय’ असे विचारले नाही, कारण आता काय हे सगळ्यांच्या वहीत लिहिलेले होते.

सकाळ संग्रहालयात गेली, दुपारी पाऊस हलका झाल्यावर मकबऱ्याला बाहेरून एक फेरी, मग डोंगरावरची बौद्ध लेणी. ढगाळ दिवशी लेण्यांच्या आतल्या दालनांत फार अंधार असतो. प्रत्येक गटाला एक चांगली विजेरी लागते, आणि मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवली तर संध्याकाळी घरी फोन करायला तो जिवंत राहत नाही. जेथे चित्रे आहेत तेथे मात्र झगझगीत प्रकाश टाकायचा नसतो. शेवटी पाणचक्की. सतराव्या शतकात दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवले, ती ही जागा. एरवी उन्हाळ्यात तेथे पाणी बेताचेच असते, त्या दिवशी ते धो धो पडत होते. पावसाने एखादे स्थळ चांगले करावे, असेही होते तर.

बुधवारी पहाटे जळगावची गाडी वेळेवर लागली आणि आम्ही साडेसहाला निघालो. पण घाटात अजून एकेरी वाहतूक होती. फाट्यावर पोहोचायला साडेअकरा झाले, लेण्यांच्या दाराशी साडेबारा. परतीची घाई असल्याने चार तासांऐवजी अडीचच हाती होते. येथे तिसऱ्या प्रकारचा पर्याय कामाला आला, आणि तो म्हणजे त्याच स्थळाची आखूड आवृत्ती. अजिंठ्याची तीस लेणी घोड्याच्या नालासारख्या वळणावर, वाघूर नदीच्या कड्यात ओळीने आहेत. त्यांचे क्रमांक दारापासून जागेनुसार दिले आहेत, काळानुसार नाहीत. म्हणून ‘पहिल्यापासून सुरू करू, जमतील तेवढी पाहू’ असे म्हणणारा पहिल्या दोन-तीन लेण्यांतच सगळा वेळ घालवतो, आणि सर्वांत जुनी नववी-दहावी त्याला धावत पाहावी लागतात. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, त्यामुळे रांगही तेथेच साचते.

आम्ही चारच लेणी नक्की केली होती : पहिले, दहावे, सतरावे, सव्वीसावे. पहिल्यात पद्मपाणी. दहावे इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह, १८१९ साली शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडले ते. सतराव्यात जातककथांची चित्रे. सव्वीसाव्यात महापरिनिर्वाणाची विशाल मूर्ती. काळाच्या दोन्ही टोकांचे, चित्राचे आणि शिल्पाचे, असे सगळे नमुने यात येतात. पहिल्याजवळ मोठी रांग दिसली म्हणून आम्ही थेट सव्वीसाव्यापर्यंत चालत गेलो आणि उलटे येत राहिलो. परत आलो तोवर रांग ओसरली होती. लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात, आणि पावसात बाहेर ठेवलेल्या चपला भिजतात, तेव्हा पाठीच्या पिशवीत एक प्लास्टिकची थैली असावी. एवढ्याशा गोष्टीने प्रत्येक लेण्यापाशी पाच मिनिटे वाचतात, चाराचे वीस होतात, आणि त्या वीस मिनिटांत आम्हाला सोळावेही पाहता आले.

राहिला परतीचा आणि पैशाचा भाग. मूळ बेतात बुधवारी दुपारी दोनला शहरातून निघून रात्री दहाला गावी पोहोचायचे होते. अदलाबदलीनंतर अजिंठ्याहून शहरात यायलाच संध्याकाळचे सात वाजणार, आणि पुढे आठ तासांचा रस्ता. सकाळी साडेसहापासून स्टिअरिंगवर असलेल्या माणसाला रात्रभर गाडी चालवायला सांगणे म्हणजे पंचेचाळीस जीव पणाला लावणे. म्हणून अदलाबदल झाली तर एक मुक्काम वाढेल, हे वेळापत्रकाच्या पाठीमागेच लिहिलेले होते, आणि पालकांच्या संमतिपत्रावरसुद्धा ‘गुरुवार दुपारपर्यंत’ असे शब्द होते. माझ्यासारख्या मुलींच्या दृष्टीने ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री दहाला वडील फाटकाशी उभे आणि मुलगी नाही, असे एकदा झाले की पुढच्या वर्षी त्या गल्लीतून कोणीच सहलीला येत नाही. मंगळवारी संध्याकाळी प्रत्येक घरी फोन गेला, आणि ज्या घरी फोन नाही तेथे शेजारच्या घरी.

१,८०० रुपयांतील १५० रुपये पहिल्यापासून राखीव म्हणून वेगळे ठेवले होते, म्हणजे ६,३०० रुपये. गाडीच्या करारात आम्ही आधीच लिहून घेतले होते की पाचव्या दिवशी दुपारपर्यंत गाडी राहिली तर पूर्ण दिवसाचे भाडे लागणार नाही, फक्त भत्ता द्यायचा. किलोमीटर वाढलेच नाहीत, कारण दिवस बदलले होते, ठिकाणे नव्हेत. जादा मुक्कामाच्या सभागृहाचे ३,००० रुपये गेले, रात्रीच्या खिचडीचे १,८००, आणि ड्रायव्हर व क्लीनर यांच्या भत्त्याचे ८००. उरले ७००. गुरुवारी दुपारी एक वाजता गाडी महाविद्यालयाच्या फाटकाशी लागली, तेव्हा मॅडमनी तेथेच वही उघडून प्रत्येकाला पंधरा-पंधरा रुपये परत केले आणि सही घेतली. सत्तर रुपये शिल्लक राहिले. ते विभागाच्या नावे जमा आहेत, आणि पुढच्या वर्षीच्या समितीने त्यातून फर्दापूरच्या त्या हॉटेलला आधी एक फोन करावा.